श्लोकात माणूस कुठे आहे?

विद्या ददाति विनयं विनयाद्याति पात्रताम् ।
पात्रत्वाद्धनमाप्नोति धनाद्धर्मं ततः सुखम् ॥

हितोपदेशाच्या सुरुवातीलाच येणारा हा श्लोक शाळेत संस्कृत घेतलेल्या जवळजवळ सगळ्यांना पाठ असतो, आणि त्याचा मराठी अर्थही तितकाच पाठ असतो. ‘विद्येमुळे नम्रता येते, नम्रतेमुळे योग्यता येते, योग्यतेमुळे माणसाला धन मिळते, धनामुळे दानधर्म करता येतो आणि धर्मामुळे सुख मिळते.’ परीक्षेत एवढं लिहिलं की पुरतं. भावार्थ म्हणून त्याला नावं ठेवायचं कारणही नाही. फक्त त्याला भाषांतर म्हणू नये.

हे माझ्या डोक्यात घोळायला लागलं ते एका ओळखीच्या गृहस्थांमुळे. ते सुभाषितांचं एक छोटं पुस्तक करत होते आणि काही श्लोक त्यांनी माझ्याकडे दिले. त्यांची अट ऐकायला सोपी होती. श्लोकात जे आहे तेवढंच मराठीत यावं, कर्त्याचा कर्ता राहावा, कर्माचं कर्म राहावं, आणि समजावून सांगण्यासारखं जे काही असेल ते टिपेत जावं. मी मनातल्या मनात सगळ्यात सोपा म्हणून हाच श्लोक आधी घेतला. एकही अवघड शब्द नाही, लांबलचक समास नाही, सगळे शब्द मराठीत जसेच्या तसे वापरात आहेत. आणि इथेच बरेच दिवस अडकून पडले.

भाषांतरात विभक्तीचे संबंध टिकले आहेत की नाहीत हे तपासायची एक साधी पद्धत आहे. मराठी वाक्य समोर ठेवायचं, मूळ श्लोक झाकायचा, आणि त्या मराठीचं पुन्हा संस्कृत गद्य करायचं. वरच्या भावार्थाचं पहिलं वाक्य घ्या. ‘विद्येमुळे नम्रता येते’चं संस्कृत होईल ‘विद्यया नम्रता आगच्छति’. आता झाकलेला श्लोक उघडून पाहा. मुळात विद्या प्रथमेत होती, ती देणारी होती. ती तृतीयेत गेली, नुसतं कारण झाली. विनय द्वितीयेत होता, दिली जाणारी वस्तू होता, तो प्रथमेत येऊन बसला आणि स्वतःच्या पायांनी चालत यायला लागला. देण्याची क्रिया तर उरलीच नाही. तीन शब्दांच्या वाक्यात एकही नातं जागेवर नाही, आणि तरी वाचताना काही बिघडलंय असं वाटत नाही. याचं कारण मराठीला ‘येते’ आणि ‘मिळते’ ही क्रियापदं फार आवडतात. आपल्याला राग येतो, भूक लागते, पैसे मिळतात, कळतं, आठवतं. कर्ता बाजूला उभा राहतो आणि गोष्टी त्याच्याकडे येतात. त्यामुळे संस्कृतातला करणारा कर्ता मराठीत आला की नकळत ‘ला’ लावून बसतो.

पहिलं वाक्य दुरुस्त करणं सोपं आहे. ‘विद्या विनय देते.’ अप्राणिवाचक कर्माला मराठीत प्रत्यय लागत नाही, त्यामुळे ‘विनय’ हे रूप प्रथमेसारखंच दिसतं. पण ‘देते’ स्त्रीलिंगी आहे, विद्या स्त्रीलिंगी आहे, विनय पुल्लिंगी आहे, तेव्हा कोण कोणाला देतं याचा घोळ होत नाही. मराठीचं क्रियापद इथे प्रत्ययाचं काम करतं. ‘विनय’ला ‘नम्रता’ मी केलं नाही. संस्कृतातल्या विनयात शिस्त आणि शिक्षणही येतं, मराठीतला विनय त्यामानाने अरुंद झालाय, पण शब्द तोच ठेवला तर निदान दार उघडं राहतं. ‘नम्रता’ ते लावून घेते.

खरी पंचाईत दुसऱ्या चरणापासून.

पाठशाळेत श्लोक लावायची जी जुनी रीत आहे, तिच्यात क्रियापद धरून प्रश्न विचारत जातात. ददाति. का ददाति? विद्या. किं ददाति? विनयम्. कस्मै ददाति? इथे उत्तर नाही. देणं म्हटलं की घेणारा आला, व्याकरणात त्याला संप्रदान म्हणतात आणि त्याची विभक्ती चतुर्थी. श्लोकात चतुर्थी कुठेच नाही. पुढे चला. याति. कः याति? उत्तर नाही. आप्नोति. कः आप्नोति? पुन्हा नाही. ज्याला विद्येने विनय दिला तोच पुढे पात्रतेला जातो आणि धन मिळवतो, हे आपण वाचताना आपोआप धरून चालतो. म्हणजे या श्लोकात एक माणूस आहे, तो पहिल्या चरणात चतुर्थीत आहे आणि दुसऱ्या चरणापासून प्रथमेत आहे, फक्त कवीने त्याला एकदाही शब्द दिलेला नाही. घेणारा होता तो करणारा झाला, आणि दोन्ही वेळा जागा रिकामी. मला तरी या श्लोकात सगळ्यात सुंदर काही असेल तर हे आहे.

संस्कृत अन्वयात ही जागा कंसाने भरतात: विद्या विनयं ददाति, (नरः) विनयात् पात्रतां याति, (सः) पात्रत्वात् धनम् आप्नोति, (सः) धनात् धर्मम् (आप्नोति), ततः सुखम् (आप्नोति). कंस सगळे सारखे दिसतात, पण ते सारखे नाहीत. ‘धनात् धर्मम्’ नंतरचं ‘आप्नोति’ हे श्लोकातच आहे, आधीच्या चरणातून पुढे ओढलं आहे. ते घातलं तर भर घातली असं होत नाही, कारण वाक्य त्याच्यावाचून उभंच राहत नाही. ‘नरः’ मात्र बाहेरून आणलेला आहे. पहिल्याला अनुवृत्ती म्हणा, दुसऱ्याला अध्याहार. भाषांतर आणि टीका यांच्यामधली सीमारेषा मला इथे दिसते. आधी आलेलं पुढे चालवणं हे भाषांतराचं काम आहे. न आलेलं आणणं हे टीकाकाराचं.

म्हणजे ‘माणूस’ हा शब्द घालायचा नाही. ठरलं. मग लिहिलं, ‘विद्या विनय देते, विनयातून पात्रतेस जातो’.

माझी भाची दहावीला संस्कृत घेऊन बसली आहे. तिला हे वाचून दाखवलं. तिने विचारलं, “मावशी, जातो म्हणजे कोण?”

मी म्हटलं, “कोण ते श्लोकात सांगितलेलंच नाही. म्हणून मीही सांगितलं नाही.”

“सांगितलंयस की. मुलगा आहे म्हणून सांगितलंयस. याति मध्ये मुलगा कुठे आहे?”

तिचं बरोबर होतं. ‘याति’ला लिंग नाही. बालकः याति, बालिका याति, मित्रं याति, तिन्हीकडे एकच रूप. मराठीचं ‘जातो, जाते, जातं’ मात्र धातुसाधितावरून आलेलं आहे, त्याला लिंग चिकटलेलं आहे. मी ‘माणूस’ हा शब्द दारातून घालवला आणि तो ‘तो’च्या रूपाने खिडकीतून आत आला. शिवाय आणखी एक गोष्ट झाली जी तिच्या लक्षात आली नव्हती. ‘देते’ स्त्रीलिंगी आणि ‘जातो’ पुल्लिंगी, त्यामुळे कर्ता बदलला हे मराठीत ढळढळीत कळतं. संस्कृतात ददाति आणि याति यांच्यात तसा काहीच फरक नाही. व्याकरणाच्या बाजूने पाहिलं तर विद्याच पात्रतेला जाते असंही कोणी लावू शकतं. आपण तसं लावत नाही ते पुढचं धन आणि सुख डोळ्यांसमोर असतं म्हणून. मूळ श्लोक वाचकाला जे काम करायला लावतो ते माझं ‘जातो’ परस्पर उरकून टाकत होतं.

यावर उपाय शोधताना पहिल्यांदा अनेकवचन सुचलं. ‘जातात’मध्ये लिंग दिसत नाही, आणि कर्ता न सांगता नुसतं ‘असं म्हणतात’, ‘तिकडे पायी जातात’ म्हणायची मराठीला सवय आहे. ‘विनयातून पात्रतेस जातात, पात्रत्वातून धन पावतात.’ वाईट नाही. माणूस पुन्हा अदृश्य झाला. पण श्लोकातला न दिसणारा माणूस एकटा आहे आणि इथे त्याची जत्रा झाली. वचन म्हणजे काही कारकसंबंध नव्हे, तेव्हा नियमाला धरून हे चाललं असतं. मला ते मानवलं नाही. एकाची वाटचाल आणि लोकांची रीत यांत फरक आहे, आणि ‘जातात’ वाचताना रीत ऐकू येते.

मग जुनी रूपं आठवली. करी, जाई, देई, पावे. जुन्या मराठीत ही वर्तमानकाळाची रूपं, आणि त्यांना लिंग नाही: तो जाई, ती जाई, ते जाई. आजच्या गद्यात त्यांचा काळ सरकला आहे. ‘तो रोज नदीवर जाई’ म्हटलं की आपण भूतकाळातली सवय समजतो. शाळेच्या व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. म्हणून कथेत ही रूपं घातली तर वर्तमानाचा भूत होईल. पण म्हणीत तसं होत नाही. ‘दाम करी काम’ हे कोणी पूर्वीच्या दामाबद्दल बोललेलं समजत नाही. म्हणीच्या घरात हे रूप अजून वर्तमानकाळातच राहतं. आणि सुभाषित हे म्हणीचंच नातलग आहे. ‘विनयातून पात्रतेस जाई’ असं वाचलं की ते सार्वकालिक विधान म्हणून कानावर येतं, एकवचनी येतं, आणि जाणारा कोण हे कळत नाही.

याची किंमत आहे, आणि ती पहिल्या वाक्याला मोजावी लागते. पुढे ‘जाई’ आणि ‘पावे’ येणार असतील तर सुरुवातीला ‘देते’ ठेवता येत नाही, एका श्लोकात दोन काळांची मराठी झाल्यासारखं वाटतं. ‘देई’ करावं लागतं, आणि ‘देई’ केलं की लिंगाने जो आधार दिला होता तो जातो. ‘विद्या विनय देई’ यात विद्या देणारी की विनय देणारा हे आता फक्त शब्दक्रमावर उभं आहे. संस्कृतात ‘विनयं ददाति विद्या’ असं उलटं लिहिलं असतं तरी अनुस्वाराने नातं सांभाळलं असतं. मराठीत आता तो क्रम हलवता येणार नाही. मी ही किंमत मान्य केली, कारण कर्ता आधी आणि कर्म नंतर हा मराठीचा स्वाभाविक क्रम आहे आणि इथे कोणी उलटं वाचण्याची भीती फारशी नाही.

आता पंचमी. या श्लोकाचा कणा तीच आहे. विनयात्, पात्रत्वात्, धनात्, आणि शेवटी ततः, जे पंचमीच्याच अर्थाचं अव्यय आहे. आधी पदं नीट तोडायला हवीत: ‘विनयाद्याति’ म्हणजे विनयात् अधिक याति, ‘धनाद्धर्मं’ म्हणजे धनात् अधिक धर्मम्. एकदा हे झालं की चार पायऱ्यांची साखळी उघडी पडते. जे एका पायरीला पोचायचं ठिकाण असतं तेच पुढच्या पायरीला निघायचं ठिकाण होतं.

शाळेत घोकलेल्या तक्त्यात पंचमीचे प्रत्यय ऊन आणि हून. म्हणून ‘धनाहून धर्म’ करून पाहा. अर्थ काय झाला? धनापेक्षा धर्म मोठा. आणि पुढे ‘त्याहून सुख’ म्हणजे सुख धर्मापेक्षाही वरचढ. कवीने चढता क्रम सांगितला होता कारणांचा, मराठीत तो झाला तुलनेचा. गंमत म्हणजे प्रत्यय बरोबर आहे, विभक्ती बरोबर आहे, आणि संस्कृतातही तुलनेला पंचमीच लागते. तरी भाषांतर चुकलं, कारण ‘हून’ आज गावांच्या आणि घरांच्या नावांबाहेर पडला की बहुतेक तुलनेच्याच कामी येतो. विभक्ती सांभाळायची म्हणजे प्रत्ययाला प्रत्यय जोडायचा नव्हे, हे मला या एका उदाहरणाने जितकं पटलं तितकं कुठल्याच नियमाने पटलं नव्हतं. प्रत्यय ज्या नात्याचा आहे ते नातं न्यायचं.

तर नातं कोणतं? पाणिनीकडे दोन वाटा आहेत. एक अपादानाची: ज्याच्यापासून दूर जायचं ते स्थिर टोक, जसं झाडावरून पान पडतं त्यातलं झाड. दुसरी हेतूची. कारण दाखवायला सामान्यपणे तृतीया (हेतौ, २.३.२३), पण कारण हा गुण असेल आणि शब्द स्त्रीलिंगी नसेल तर विकल्पाने पंचमी (विभाषा गुणेऽस्त्रियाम्, २.३.२५). विनय हा गुण आहे, पुल्लिंगी आहे, नियमात चपखल बसतो. धन काही गुण नव्हे, पण सिद्धान्तकौमुदीत त्या सूत्राचा विभाग करून गुण नसलेल्या आणि स्त्रीलिंगी शब्दांनाही क्वचित ही पंचमी चालते असं म्हटलं आहे. ‘धूमादग्निमान्’ हे तिथलं उदाहरण. तेव्हा ही हेतूची पंचमी आहे यात शंका नाही. अपादान मानलं तर अर्थही विचित्र होतो. ‘विनयापासून पात्रतेस जाई’ म्हणजे विनय मागे टाकून पात्रतेकडे निघाला. पात्र झालेले काही लोक तसं करतात खरे, पण श्लोकाला ते म्हणायचं नाही.

हेतू म्हटल्यावर ‘मुळे’ सगळ्यात सरळ. ‘ने’ही व्याकरणात बसतो, पण ‘विनयाने पात्रतेस जाई’ म्हटलं की तो विनयपूर्वक, अदबीने चालत गेला असं वाटतं. राहिला ‘मुळे’. विनयामुळे, पात्रत्वामुळे, धनामुळे. हेतू शंभर टक्के शाबूत. मी बराच काळ तेच ठेवलं होतं. ते काढलं ते शेवटच्या ‘ततः’मुळे, आणि त्याबद्दल पुढे येतेच.

त्याऐवजी मी ‘तून’ घेतला. खरं तर हा जोडप्रत्यय आहे, सप्तमीच्या ‘त’वर पंचमीचा ‘ऊन’. त्यामुळे त्यात थोडी ‘आतून’ अशी छटा येते, जी संस्कृतात नाही. पण तुलना येत नाही, सोडून जाणं येत नाही, आणि ‘कष्टातून यश’, ‘वादातून मैत्री’ अशा वापरात तो कारणाचं काम आज सहज करतो. ‘मुळे’ कारण सांगून थांबतो, ‘तून’मध्ये पुढे निघण्याची हालचाल आहे, आणि ‘याति’ला ती हवी आहे.

‘याति पात्रताम्’चं मात्र मराठीत आयतं घर मिळालं. भाववाचक नामाची द्वितीया आणि जाण्याचं क्रियापद ही संस्कृतची लाडकी रचना आहे: पात्रतां याति म्हणजे पात्र होतो. बहुतेक जण म्हणूनच ‘पात्र होतो’ किंवा ‘पात्रता येते’ करतात. पण मराठीने ही रचना सोडलेली नाही. काम पूर्णत्वास जातं, राज्य लयास जातं. तोच ‘स’, तेच जाणं. म्हणून ‘पात्रतेस जाई’ लिहिताना मला काहीच वाकवावं लागलं नाही. अशी जागा सापडली की भाषांतर करणाऱ्याने उगाच हुशारी करू नये.

‘आप्नोति’ला ‘मिळवी’ म्हणावं असं आधी वाटलं. पण मिळवण्यात धडपड आहे, आप्नोति नुसतं पोचणं, प्राप्त होणं सांगतं. ‘मिळे’ केलं तर धन कर्ता होऊन बसतं. ‘पावे’ दोन्हीच्या मधोमध उभं राहतं: कर्ता माणूसच, आणि धडपड नाही. समाधान पावणे, कीर्ती पावणे, अशा वापरात ते कर्म घेतं. शिवाय पावणे आलंय ते प्र अधिक आप् या धातूवरून, म्हणजे आप्नोतिच्याच घरातलं आहे.

इथे एक बारकावा आहे जो भावार्थ लिहिताना कोणाच्याच लक्षात येत नाही. ‘धनम्’ नपुंसकलिंगी आहे, त्याची प्रथमा आणि द्वितीया सारखीच दिसते. तेवढ्या चरणापुरतं पाहिलं तर धन कर्ता की कर्म हे रूपावरून ठरत नाही. ‘सुखम्’चंही तेच. पण त्या दोघांच्या मध्ये ‘धर्मम्’ आहे. धर्म पुल्लिंगी, प्रथमा असती तर ‘धर्मः’ झाली असती. ‘धर्मम्’ म्हणजे द्वितीया आणि द्वितीयाच. म्हणजे ‘धनामुळे धर्म होतो’ हे लावताच येत नाही; धर्म पावणारा कोणीतरी हवा, आणि आप्नोति पुढे ओढायला हवं. एका अनुस्वाराने अख्ख्या दुसऱ्या ओळीचा कर्ता ठरतो. तो न दिसणारा माणूस तिथे आहे याचा श्लोकातला सगळ्यात पक्का पुरावा हाच. मराठीत ‘धनातून धर्म’ लिहिलं की हा पुरावा पुसला जातो, कारण आपल्या ‘धर्म’ला प्रत्यय नाही. तो वाचवायचा एकच मार्ग: आधीचं क्रियापद ‘पावे’च हवं, म्हणजे त्याच्या जोरावर पुढचा धर्मही कर्म म्हणूनच वाचला जातो. ‘धन मिळे, धनातून धर्म’ असं लिहिलं असतं तर दोन्ही कर्ते होऊन गेले असते.

आणि ‘दानधर्म करता येतो’ याबद्दल फार बोलायला नको. दान श्लोकात नाही, करणं नाही, आणि शक्यता तर नाहीच नाही.

एका ठिकाणी मी अजून स्वतःशी भांडते. पहिल्या ओळीत ‘पात्रता’ आणि दुसऱ्या ओळीत ‘पात्रत्व’. अर्थ एकच, मग शब्द का बदलला? छंदाचं उत्तर तयार आहे: ‘पात्रताया धनमाप्नोति’ केलं तर चरणात आठाऐवजी नऊ अक्षरं होतात. पण वरचं सूत्र आठवा, ‘अस्त्रियाम्’. पात्रता स्त्रीलिंगी आहे, पात्रत्व नपुंसक. हेतूची पंचमी लावायची तर पात्रत्वच सोयीचं. कवीला छंदाने ढकललं की व्याकरणाने, हे ठरवायची मला गरज नाही. ती टिपेतली गोष्ट आहे. मराठीत दोन्ही शब्द आहेत, म्हणून मी दोन्ही ठेवले. छापणाऱ्याने विचारलं, “एकाच गोष्टीला दोन शब्द? एकसारखं करून टाकू का?” मी म्हटलं, नको, कवीने केलं नाही ते आपण कशाला करा.

आता ‘ततः सुखम्’. ततः म्हणजे त्यापासून. कशापासून? लगेच आधीचा धर्म आहे, म्हणून ‘धर्मामुळे सुख’ म्हणायला जीभ पुढे येते, आणि साखळीचा क्रम पाहता ते बरोबरही असेल. पण आधीच्या तिन्ही पायऱ्यांवर कवीने नाम पुन्हा उच्चारलं आहे: विनयं विनयात्, पात्रतां पात्रत्वात्, धनं धनात्. चौथ्या पायरीवर ‘धर्मात्’ म्हटलेलं नाही. ‘धर्मात् सुखम्’ म्हटलं तरी अक्षरं चारच होतात, ‘ततः सुखम्’चीही चारच, पण लघुगुरूंचा क्रम बिघडतो, अनुष्टुभाच्या सम चरणात पाचवं अक्षर लघु लागतं आणि ‘धर्’ गुरू आहे. कारण काही असो, जे हाती आलंय ते सर्वनामासारखं मोकळं आहे. ते धर्माकडे बोट दाखवू शकतं, धन आणि धर्म दोघांकडे दाखवू शकतं, किंवा नुसतं ‘त्यानंतर’ही म्हणू शकतं. भाषांतरात ‘धर्म’ शब्द पुन्हा लिहिला की यातलं एकच उरतं.

‘मुळे’ची साखळी इथेच तुटली. ‘धनामुळे धर्म, त्यामुळे सुख’. मराठीत ‘त्यामुळे’ हे आता सर्वनाम कमी आणि ‘म्हणून’ जास्त झालं आहे. वाचणारा ते निष्कर्षासारखं वाचतो: एवढं सगळं झालं, सबब सुख. ‘त्यातून’ मात्र अजून सर्वनामाची आठवण ठेवतो, आणि कशातून ते सांगत नाही. ततः जितकं मोकळं, ‘त्यातून’ जवळजवळ तितकंच मोकळं. एका शेवटच्या शब्दासाठी मागच्या तिन्ही पंचम्या बदलाव्या लागल्या, कारण चौघांचा प्रत्यय एकच दिसला पाहिजे. आणि ‘सुख’ प्रत्ययावाचून उघडं ठेवता आलं हे तर फारच बरं झालं. संस्कृतात ते प्रथमा की द्वितीया हे सांगता येत नाही, मराठीतही सांगता येत नाही.

एवढं करून पुस्तकात गेलं ते असं:

विद्या विनय देई; विनयातून पात्रतेस जाई;
पात्रत्वातून धन पावे, धनातून धर्म, त्यातून सुख.

भाचीकडून उलटी परीक्षा करून घेतली. तिला श्लोक पाठ असल्यामुळे ती परीक्षा थोडी खोटीच, म्हणून तिला अट घातली की श्लोक विसरून फक्त मराठीतली नाती लिही. तिने लिहिलं: विद्या विनयं ददाति, विनयात् पात्रतां गच्छति, पात्रत्वात् धनं प्राप्नोति, धनात् धर्मम्, तस्मात् सुखम्. दोन क्रियापदं वेगळी आली, विभक्त्या सगळ्या घरी परतल्या. ‘ततः’च्या जागी ‘तस्मात्’ आलं ते मला चालेल, त्यातला ‘त्यानंतर’ गळाला तेवढाच. मग तिने वहीत ‘गच्छति’च्या आधी थोडी जागा सोडून विचारलं, “इथे कंसात नरः लिहू का? नाही लिहिलं तर बाई गुण कापतात.”

मी म्हटलं, “परीक्षेत लिही. कंस मात्र विसरू नकोस.”